मोजे आणि शिंका

आमच्या घरात दाराजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी एक खुर्ची आहे. तिच्यावर बसून माणसं बूट घालतात. माझा धाकटा दीर त्या खुर्चीवर बसून मोजे चढवायला जेवढा वेळ घ्यायला लागला होता, तेवढ्यात माझा कुकर होत असे. डाव्या पायाचा मोजा झटकन चढायचा. उजव्याची पाळी आली की हा आधी भिंतीकडे बघणार, मग पाय बाहेरच्या बाजूला लांब टाकणार, मग दात आवळून वाकणार आणि बोटांच्या टोकांनी मोजा कसाबसा पंजात अडकवणार. हे सगळं मला स्वयंपाकघरातून दिसायचं. "काय रे, दुखतंय का?" म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं.

"काही नाही वहिनी. लचक आहे."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या वैतागाचं मूळ तेच. कर्वेनगरात आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. कुणाची मान, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, दिवसभर दुसऱ्यांची दुखणी हातांनी चाचपत बसते. आणि माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवणारा एक धडधाकट इंजिनिअर मोजे घालताना डोळ्यांत पाणी आणत होता आणि मला लचक म्हणून सांगत होता. कारण दुखणं जांघेत होतं. गुडघा दुखला असता तर चार वर्षांच्या पोरासारखा पाय पुढे करून बसला असता. पण माझं सासर अमरावतीचं, आणि जांघ वहिनीला दाखवायची तर नाहीच, तिच्यासमोर तिचं नावही काढायचं नाही, ही तिथली रीत. वहिनीने ह्या विषयावर परीक्षा दिल्या आहेत ह्याने त्या रीतीला काडीचा फरक पडत नव्हता.

पुण्यात जागोजागी हिरवी टर्फ, म्हणजे खोट्या गवताची भाड्याची मैदानं, उगवत होती तेव्हाची ही गोष्ट. खराडीला ह्याचं ऑफिस. आठवडाभर संगणकासमोर कमरेतून वाकून बसायचं आणि शनिवारी सकाळी त्याच आखडलेल्या कमरेने, अंग गरम न करता, जाळीच्या मैदानात फुटबॉल खेळायचा. हा उजवीकडून पळणारा. चेंडू मारा, पाय रोवा, गर्रकन वळा, पुन्हा मारा. पावसाळ्यानंतर कधीतरी दुखायला लागलं. नेमकं कधी, हे त्यालाही सांगता येत नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने तीच पहिली महत्त्वाची खूण होती. मांडीच्या आतला स्नायू ताणला गेला की माणसाला तो क्षण आठवतो. अमुक चेंडू मारला आणि आत काहीतरी खेचलं, असं तो सांगतो. मग बोटाने जागा दाखवतो, गुडघे एकमेकांवर दाबायला सांगितले की कळवळतो, आणि नीट विश्रांती आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम मिळाला की काही आठवड्यांत मार्गाला लागतो. ह्याचं दुखणं चोरपावलांनी आलं होतं आणि जायचं नाव घेत नव्हतं.

पण मला विचारतंय कोण? त्याने आधी दोन शनिवार विश्रांती घेतली. बरं वाटलं. तिसऱ्या शनिवारी खेळला आणि लंगडत घरी आला. मग कुणीतरी मंडईच्या मागच्या एका मालिशवाल्याचा पत्ता दिला. तिथे जाऊन मांडी रगडून घेतली, घरभर तिळाच्या तेलाचा वास पसरला आणि पायावर काळानिळा डाग उमटला. "हे काय?" मी विचारलं. "धडकलो टेबलाला," म्हणाला. मी माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे ह्याच्या थोरल्या भावाकडे बघितलं. तो वर्तमानपत्रात शिरला.

"तू तरी सांग त्याला, खाली क्लिनिकमध्ये ये म्हणून," मी नंतर म्हणाले.

"लाजतो गं तो. तू कशाला पाठीस लागतेस? होईल बरं."

"माझ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे तरी जा म्हणावं. पण मालिशवाला?"

"सांगतो," नवरा म्हणाला, आणि अर्थातच सांगितलं नाही.

नंतर ह्याने नोकरी बदलायचं ठरवलं. राजीनामा दिला, नोटीस पीरियड सुरू झाला. ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नोटीस पीरियड म्हणजे काम फारसं नसतं, पण कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवसापर्यंत चालू असतो. त्यामुळे जाता जाता शरीराची राहिलेली सगळी कामं उरकून घ्यायची पद्धत आहे. कुणी अक्कलदाढ काढतो, कुणी नाकाचं वाकडं हाड सरळ करून घेतो. गावाला जायच्या आधी गाडीची सर्व्हिसिंग करावी तसं. ह्याच्या टीममधला गोलकीपर, बिचारा मनाने चांगला मुलगा, त्याचं आदल्या वर्षी स्पोर्ट्स हर्नियाचं, म्हणजे खेळून खेळून जांघेजवळ पोटाची भिंत ढिली पडते त्याचं, ऑपरेशन झालं होतं आणि तो खडखडीत बरा झाला होता. त्याने ह्याची जांघ दुखते हे ऐकलं आणि निदान करून टाकलं.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. कळलं ते थंडीतल्या एका शुक्रवारी, जेवताना.

त्या आठवड्यात ह्याला जबरदस्त सर्दी झाली होती. ताटावर बसला की शिंकायचा. साध्यासुध्या शिंका नाहीत, सगळं अंग हलवून, पाण्याचं भांडं डचमळेल अशा. पिठलं वाढत असताना हा म्हणाला, "वहिनी, सोमवारी मी ऑफिसला जाणार नाही. ॲडमिट व्हायचंय. छोटं ऑपरेशन आहे."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "कसलं ऑपरेशन?"

"हर्निया. स्पोर्ट्स हर्निया." कान लाल. "मित्राच्याच सर्जनकडे गेलो होतो. चांगले आहेत ते."

आणि तो शिंकला. एकदा, दोनदा, तीनदा. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. रुमाल शोधायची धडपड सोडली तर त्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ना कळ, ना हात जांघेकडे जाणं, ना श्वास रोखणं.

"आत्ता दुखलं?" मी विचारलं.

"काय?"

"शिंकलास तेव्हा. जांघेत दुखलं?"

"नाही. का?"

"सर्जननी विचारलं नव्हतं? खोकल्यावर, शिंकल्यावर दुखतं का म्हणून?"

"विचारलं ना."

"मग तू काय सांगितलंस?"

मग सगळं हळूहळू बाहेर आलं, आणि जसजसं येत गेलं तसतशी माझ्या डोक्यात तिडीक जात गेली. ह्या महाशयांनी डॉक्टरकडे जायची तयारी केली होती. नोकरीच्या मुलाखतीची करतात तशी. गोलकीपरला बसवून विचारलं होतं, ते काय काय विचारतात? तुला काय काय होत होतं? आणि त्याची उत्तरं पाठ करून गेला होता. खोकल्यावर दुखतं? हो. उठून बसताना ओटीपोटाच्या खाली, हाडाजवळ दुखतं? हो. जोरात पळताना? हो. थांबल्यावर कमी, खेळल्यावर परत? हो, आणि एवढं एकच उत्तर खरं होतं.

"अरे, पण का?" मला खरंच कळत नव्हतं.

"नाही म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं मला नीट सांगता येत नाही. मुलाखतीत एखादं उत्तर चुकलं की पुढचं कुणी ऐकत नाही, वहिनी. आणि सर्जन लोकांना कुठे वेळ असतो?"

"आणि फिजिओथेरपी केली का, असं नाही विचारलं? ह्या दुखण्यात सुरुवातीलाच कुणी सुरी लावत नाही. आधी काही आठवडे विश्रांती, पोटाचे आणि मांडीचे व्यायाम. त्याने नाही भागलं तर पुढचं."

ह्या वेळी त्याने हातातला घास ताटात ठेवला. नवऱ्यानेही घास खाली ठेवला.

"तीन महिने केली म्हटलं," तो म्हणाला. "म्हणजे, घरातच फिजिओथेरपिस्ट आहे असं सांगितलं. ते खरंच आहे."

मी आयुष्यात अनेक पेशंटांवर चिडले आहे. दिलेला व्यायाम न करता "करतो मॅडम" म्हणणारे तर रोजचेच. पण स्वतःच्या घरात, माझ्या नावावर, मी न केलेली ट्रीटमेंट फुकट गेली म्हणून एका भल्या सर्जनला सांगून यायचं, ही मजल मी पहिल्यांदाच बघत होते. मी काय बोलले ते सगळं इथे देत नाही. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी जिन्यात "सगळं ठीक ना?" असं विचारलं, एवढ्यावरून अंदाज यावा.

"अबे, काहून असं केलं तू?" एवढंच नवरा म्हणाला. चिडला की तो अमरावतीला परत जातो.

"काहून म्हणजे?" धाकटाही उसळला. "दुखते ना पण! दुखते हे तर खोटं नाही ना! चार महिने झाले, कुणी सांगत नाही काय झालं ते. त्या मित्राचं बरं झालं, मले वाटलं माझंही होईल. नोटीस पीरियड संपला की मेडिक्लेमही गेला."

ह्यावर मात्र मी हातातला डाव खाली ठेवला. कारण ह्यातला शब्द अन् शब्द खरा होता. दुखत होतं, आणि त्याला खेळायचं होतं. खराडीत दिवसभर ज्याचं तोंड कुणी बघत नाही त्या मुलाला शनिवारी चार माणसं नावाने हाक मारत होती, ती त्या जाळीच्या आत. सोमवारी त्याचं पोट उघडलं असतं, नसलेली दुरुस्ती झाली असती, महिना-दीड महिना सक्तीच्या विश्रांतीत तसंही बरं वाटलं असतं, आणि मैदानावर परत गेला असता की दुखणं जिथल्या तिथे. मग कुणावर विश्वास ठेवला असता त्याने?

"उठ," मी म्हणाले. "ट्रॅक पँट घालून बाहेर सतरंजीवर आडवा हो. कुठे हात लावणार नाही जांघेला. तुझा भाऊ इथेच बसेल."

तो मुकाट्याने झोपला. दोन्ही हात डोळ्यांवर. मी आधी त्याला डोकं आणि खांदे उचलायला लावले, हात लावून रोखून धरलं. काही नाही. मग गुडघ्यांमध्ये माझी मूठ ठेवून दाबायला सांगितलं. "थोडं," म्हणाला. मग उजवा पाय उचलला, गुडघा छातीकडे वाकवला, तसाच डाव्या अंगाला नेला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवत मांडी आत वळवली. सगळं त्याच्या कपड्यांवरून, माझे हात फक्त गुडघ्यावर आणि घोट्यावर.

तो इतक्या जोरात ओरडला की नवरा उभा राहिला.

"हेच का? मोजे घालताना होतं ते हेच?"

"हेच," तो म्हणाला. हात डोळ्यांवरून निघाले होते. "अगदी हेच. गाडीतून उतरताना पण हेच."

डावा पाय तसाच फिरवून बघितला. तो सहज फिरला, उजव्यापेक्षा कितीतरी जास्त. मग विचारलं, "नेमकं कुठे दुखलं, दाखव." आणि ह्या मुलाने, जो महिनोन्‌महिने जागा दाखवायला लाजत होता, त्याने विचार न करता अंगठा मागे आणि बोटं पुढे अशी आपल्या खुब्याला मिठी मारली. आत खोल कुठेतरी, असं म्हणाला. स्नायू दुखला की माणूस बोट ठेवतो. खुब्याचा सांधा दुखला की बोट ठेवायला जागा सापडत नाही, मग असा आख्खा पंजा ठेवतो.

"मग हर्निया नाही?" नवऱ्याने विचारलं.

"मला खुब्याचा संशय आहे. पण संशयच. एका खणात तीन भाडेकरू असू शकतात, तशी एकाच जागी दोन-तीन दुखणीही असतात. नीट बघायला पाहिजे."

शनिवारी सकाळी मी ह्याला घेऊन सर्जनकडे गेले. खरं सांगायला लावलं. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि ते चिडलेच, पण पुण्यातल्या माणसाच्या पद्धतीने, आवाज एक पट्टी खाली आणून.

"आपण मला जे सांगितलंत ते सगळं स्पोर्ट्स हर्नियाचं होतं," ते दीराला म्हणाले. "फुगवटा नसतो त्यात, सोनोग्राफीत किंचित ढिलाई वाटली, ती तशी अनेकांत दिसते. उरतं काय? पेशंटचं बोलणं. दाबून बघितलं तेव्हासुद्धा आपण जागेवर 'हो' म्हणालात. मी पेशंटची तपासणी करत होतो, आपण बहुधा परीक्षा देत होतात."

"सॉरी सर."

"पास झालात. ऑपरेशन रद्द." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण ह्यांच्या वहिनी का? तीन महिने उपचार केलेत म्हणे."

"चहा आणि जेवण दिलं तीन महिने," मी म्हणाले. ते पहिल्यांदा हसले आणि त्यांनी खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंसाठी चिठ्ठी दिली.

एक्स-रे झाले, एमआरआय झाला. मांडीच्या हाडाचं गोल डोकं जिथे त्याच हाडाच्या मानेला मिळतं तिथे थोडा उंचवटा होता. पाय वाकवून आत वळवला की तो उंचवटा खुब्याच्या वाटीच्या कडेला जाऊन चिमटत होता, आणि तिथली कूर्चेची कड थोडी फाटल्यासारखी दिसत होती. माझा दीर एकदम खूश झाला. सापडलं एकदाचं! डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उत्साहावर शांतपणे पाणी ओतलं.

"असा उंचवटा, अशी कड, न दुखणाऱ्या कितीतरी लोकांत असते. चित्र दुखत नाही, माणूस दुखतो. म्हणून सांध्यात बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघू. मग तुम्हाला ज्याने दुखतं ते सगळं करायचं आणि मला सांगायचं. ह्या तपासणीत मशीन तुम्ही आहात. तेव्हा मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. मी सांगितलं नव्हतं. सर्जनने चिठ्ठीत लिहिलं असावं.

इंजेक्शन सोनोग्राफीत बघत दिलं. थोडा वेळ बसवलं. मग त्याला उठवलं आणि मला आत बोलावलं. मी कोपऱ्यात उभी राहिले. खरं सांगते, मला धाकधूक वाटत होती. कारण मला माझा दीर माहीत होता. समोरच्याला काय ऐकायचंय ते त्याला पटकन कळतं, आणि तो ते देतो. मनात म्हणत होते, बाबा रे, एकदा, फक्त एकदा, तुला जे होतंय तेच बोल.

तो खाली बसला, उठला. स्टुलावर बसून उजवा मोजा काढला आणि परत घातला. मोजा सरळ चढला. मी इतके महिने बघितलेला तो वाकडा कार्यक्रम न होता, साधा माणूस घालतो तसा. डॉक्टरीणबाईंनी झोपवून पाय वाकवून आत वळवला. तो ओरडला नाही.

"कसं आहे?"

मी त्याच्याकडे बघितलं. "एकदम गेलं" हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. बाईंच्या चेहऱ्यावर, माझ्या चेहऱ्यावर तेच हवं असलेलं त्याने वाचलंही असणार. ते त्याने गिळलं. मग म्हणाला, "थांबा. परत एकदा करता का?"

त्यांनी परत केलं.

"आतलं गेलं," तो सावकाश म्हणाला. "मोज्याचं, गाडीचं, ते गेलं. पण गुडघे दाबले की मांडीच्या आतल्या बाजूला अजून आहे. थोडंच. ते आधीपण होतं का, ते मला नक्की माहीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "छान," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून सांगितलं की मुख्य दुखणं सांध्याचं आहे, सांधा वाचवत पळता पळता मांडीचा स्नायूही कुरकुरायला लागला आहे. दोन्हींवर काम करायचं. लगेच ऑपरेशनची घाई नाही. आधी तीन महिने व्यायाम, नितंबाच्या आणि पोटाच्या स्नायूंची ताकद, खोल वाकणं बंद, तासन्‌तास खुर्चीत बसणं कमी. नाही भागलं तर दुर्बिणीतून ती कड बघता येईल. भागेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मला त्या त्यासाठीच आवडल्या.

परत येताना तो रिक्षात म्हणाला, "वहिनी, हे बधिर आहे तोवर शनिवारची एक मॅच..."

"उतर खाली," मी म्हणाले. रिक्षावाल्याने खरंच ब्रेक मारला.

नंतरचे तीन महिने तो माझ्या क्लिनिकमध्ये येत राहिला. पहिल्या दिवशी माझी सहकारीण त्याला शिकवत होती आणि मी पडद्याबाहेर उभी होते, रीत सांभाळून. दुसऱ्या आठवड्यात त्यानेच पडदा बाजूला केला आणि "वहिनी, हे बरोबर होतंय का बघा" म्हणाला. नवी नोकरी लागली. जुना मेडिक्लेम संपला, नवा सुरू झाला, आणि मधल्या काळात काही आभाळ कोसळलं नाही.

मग चेंडूशिवाय धावणं, मग चेंडू घेऊन सरळ, मग वळणं. नव्या ऑफिसच्या टीममध्ये त्याचं नाव लागलं. पहिल्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने मैदानावर पूर्ण सराव केला आणि घरी आला. दाराजवळच्या खुर्चीवर बसून बूट काढत होता. मी स्वयंपाकघरातून विचारलं, सवयीने, उत्तराची अपेक्षा न धरता.

"दुखलं का?"

त्याला माहीत होतं की ह्या उत्तरावर सामना ठरणार आहे. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"हो," तो म्हणाला. "शेवटी शेवटी. वळताना. थोडंच, पण दुखलं."

मी गॅस बंद केला आणि बाहेर आले. तो मोजा हातात घेऊन बसला होता, तोंड एवढंसं झालेलं, आणि मला त्याचा राग आणि त्याची माया एकदम आली.

"ह्या शनिवारी नाही," मी म्हणाले. "पुढच्या बघू."

"ठीक आहे वहिनी," तो म्हणाला आणि दुसरा बूट काढायला वाकला.